पांढरा पातळ सुती शर्ट आणि कॅप, पुरतं का बीचवर?

"समुद्रावर नेताना मुलांना पांढरा पातळ सुती शर्ट आणि कॅप घाला, उन्हापासून पूर्ण बचाव होतो. ते यूपीएफवाले महागडे कपडे म्हणजे निव्वळ कंपन्यांचं मार्केटिंग."

असा सल्ला बऱ्याचदा ऐकू येतो, पण तो पुरता बरोबर नाही. आधी शर्टाचं बघू. यूपीएफ म्हणजे कापड उन्हातली अतिनील किरणं किती अडवतं त्याचा आकडा. पातळ पांढऱ्या सुती टीशर्टचा यूपीएफ कोरडा असताना साधारण 5 ते 7 भरतो, म्हणजे पाचवा-सातवा हिस्सा अतिनील किरणं आत जातातच, आणि तोच शर्ट ओला झाला की 3 च्या आसपास येतो, म्हणजे तिसरा हिस्सा थेट कातडीवर. बीचवर मूल कोरडं राहतं किती वेळ? आम्ही एप्रिलमध्ये काशिदला गेलो तेव्हा माझी चार वर्षांची लेक अशाच शर्टात 11 ते 1 पाण्यात होती, शर्ट अंगाला चिकटून खांदे आरपार दिसत होते आणि मी मात्र अंग झाकलंय म्हणून निवांत बसले, रात्री बघते तर खांदे लालभडक, हात लावू देईना. कातडीचा रंग दिसतोय म्हणजे ऊनही जातंय, एवढी साधी खूण आहे.

यूपीएफ 50 म्हणजे पन्नासावा भाग आत, 2 टक्के. पण त्यासाठी महाग ब्रँडच हवा असं नाही, कापड उजेडासमोर धरून ताणून बघा, भोकं दिसली की ठेवून द्या. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, फुल हाताचा पॉलिस्टरचा पोहायचा टीशर्ट चांगलं काम करतो, कारण पॉलिस्टर मुळातच बरीच किरणं अडवतं आणि गडद रंगही ती शोषतो. गडद कापड तापतं हे खरंय, म्हणून ते फक्त पाण्यात, बाहेर आलं की कोरडा सुती शर्ट आणि सावली. शाळेची सहल किल्ल्यावर असेल, भिजायचं नसेल, तर घट्ट विणीचा फुल हाताचा सुती शर्टच बरा, तिथे सुती कापडाशी माझं काही भांडण नाही.

कॅपचं मात्र मला अजिबात पटत नाही. कान आणि मान उघडीच राहतात, आणि वाळूत खेळताना पोर तासभर मान खाली घालूनच बसलेलं असतं. चारी बाजूंनी निदान 5 सेंटीमीटर, म्हणजे आपली तीन बोटं, काठ असलेली टोपी घ्या नाहीतर मागे मानेवर पडदा असलेली. घालून उन्हात उभं करा आणि नाक, कान, मानेवर सावली पडते का ते बघा. वाळूवरून ऊन खालूनही उसळतं, त्यामुळे गालांना सनस्क्रीन लागतंच.

बांधायची नाडी असेल तर ओढल्यावर सुटणारी हवी, घसरगुंडीत अडकली तर गळ्याला फास बसतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला टोपरं घालूनही उन्हात ठेवूच नका, सावलीतच ठेवा, आणि बाबागाडीवर ओढणी टाकून ती बंद करू नका, आत हवा कोंडून बाळ उलट जास्त तापतं.