रुसण्याची व्याख्या करता येते

«'रुसवा' हा शब्द फक्त मराठीत आहे. इंग्रजीत तो नाही, कारण त्या लोकांना ती भावनाच ठाऊक नाही. मूळ भावना जगभर सहाच, बाकी सगळा ज्याच्या त्याच्या संस्कृतीचा मसाला. असे शब्द अनुभवायचे असतात, त्यांची व्याख्या होत नाही. अभिमान वाटला तर पुढे पाठवा!»

फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर हा मजकूर हमखास फिरतो. त्यात चार विधानं आहेत आणि चारही तपासून पाहता येतात.

पहिल्याला फार वेळ द्यायला नको. नौपाड्यातल्या एखाद्या इमारतीचे दोन जिने चढलात तरी पुरे. गुजराती घरात 'रिसावुं' आहे, हिंदी घरात 'रूठना', मल्याळी घरात 'पिणक्कम'. तमिळमध्ये प्रेमिकांच्या रुसव्याला 'ऊडल' म्हणतात आणि तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ ग्रंथाचे शेवटचे तीन अध्याय त्यालाच वाहिलेले आहेत. बंगालीत तर जवळच्या माणसाने दुखावल्यावर मनात जे दाटतं त्याला 'अभिमान' म्हणतात, म्हणजे मजकुराची शेवटची ओळ एखाद्या बंगाली शेजाऱ्याने भलतीच वाचली असेल. हे शब्द एकमेकांचे भाऊबंद आहेत, पण एकच नाहीत. ऊडल प्रेमिकांचा, आपला रुसवा चार वर्षांच्या पोराचाही. हा फरक नेमका मांडायचा कसा, हा खरा प्रश्न आहे, म्हणून चौथं विधान आधी घेतो.

व्याख्या होत नाही असं वाटायचं कारण आहे. शब्दकोशात 'रुसणे'च्या पुढे 'रागावणे, फुगणे' येतं आणि 'फुगणे' उघडलं की पुन्हा 'रुसणे'. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी अ‍ॅना व्हेझ्बित्स्का या पोलिश भाषाशास्त्रज्ञ बाईंनी एक पद्धत मांडली. त्यांची कारकीर्द पुढे कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत झाली. पद्धतीचं नाव 'नॅचरल सिमँटिक मेटालँग्वेज', आपण नैसर्गिक अर्थभाषा म्हणू. ज्यांची आणखी फोड होत नाही आणि जे प्रत्येक भाषेत सापडतात, अशा थोड्या मूळ अर्थांतच व्याख्या लिहायची, हा तिचा नियम. मी, तू, कोणी, काहीतरी, लोक, चांगलं, वाईट, हवं असणं, माहीत असणं, विचार करणं, वाटणं, करणं, म्हणणं, कारण, नाही, आधी, आता, सारखं, असे ते अर्थ. 1972 साली ही यादी 14 अर्थांची होती, आज सुमारे 65 आहे. क्लिफ गॉडर्ड आणि इतरांनी ती कितीतरी भाषांवर घासून वाढवली.

आता रुसणं या भाषेत लिहून पाहू. पहिला मसुदा बहुतेक कोणीही असा लिहील:

हा माणूस दुसऱ्या एका माणसाबद्दल असा विचार करतो:
«या माणसाला माझ्याबद्दल काहीतरी चांगलं वाटतं
या माणसाने काहीतरी केलं, मला ते नको होतं
म्हणून मला आता या माणसाला काही म्हणायचं नाही
या माणसाला हे कळावं, असं मला हवं आहे
मग या माणसाने माझ्यासाठी काहीतरी चांगलं करावं, असं मला हवं आहे»
असा विचार केल्यामुळे या माणसाला काहीतरी वाईट वाटतं

व्याख्या बरोबर आहे का हे ओळखायचं तर तिची एकेक ओळ काढून पाहायची. शेवटच्या दोन इच्छा काढल्या तर उरतो नुसता अबोला. अबोला धरलेल्या माणसाला कोणी समजूत काढायला यावं असं वाटतंच असं नाही. रुसलेल्याचं अर्धं लक्ष मात्र दाराकडेच असतं. पहिली ओळ काढली तर ऑफिसातल्या साहेबावरही रुसता आलं पाहिजे, पण साहेबावर आपण चिडतो, रुसत नाही. म्हणजे या ओळी उगाच नाहीत.

पण लग्नघरातली विहीण आली की मसुदा कोसळतो. मानाच्या साडीवरून वरमाई रुसते, तेव्हा वधूच्या बापाला तिच्याबद्दल माया आहे असं ती मुळीच धरून चाललेली नसते. शिवाय साडी द्यायची राहून गेली यावरही ती रुसते, म्हणजे 'काहीतरी केलं' एवढंच लिहून भागत नाही. तेव्हा पहिल्या दोन ओळी अशा बदलाव्या लागतात:

«या माणसासाठी मी इतर लोकांसारखी नाही
म्हणून आधी मी असा विचार करत होते: हा माणूस माझ्यासाठी काहीतरी चांगलं करेल
या माणसाने ते केलं नाही»

आता बायको, पोर आणि विहीण तिघंही बसतात आणि साहेब बाहेरच राहतो. रुसवा मायेवर नव्हे, 'मी इतरांसारखी नाही' या हक्कावर उभा आहे, हे नुसत्या प्रतिशब्दांच्या यादीतून कधी दिसलं नसतं. हीच आठ-दहा वाक्यं मल्याळीत किंवा इंग्रजीत जशीच्या तशी मांडता येतात, कारण त्यातला एकही शब्द खास आपला नाही. इंग्रजीतल्या 'सल्क'ची व्याख्या लिहायला बसलात तर समजूत काढून घ्यायची ओळ आवश्यक ठरत नाही, उलट लोकांना हे वागणं वाईट वाटतं अशी एक ओळ वाढते.

दुसरं विधान, शब्द नाही म्हणून भावना नाही हे. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्ही यांनी 1973 साली पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटाबद्दल लिहिलं की तिथे दुःखाला सरळ शब्द नाही. जवळचं माणूस गेल्यावर लोक म्हणत, अंगात बरं नाही, जड वाटतंय. त्यांना काही होत नव्हतं असं कोणी म्हणेल का? शब्द नसला तर तो अनुभव झटकन ओळखायला आणि बोलायला अवघड जातो, इतकंच त्यातून निघतं.

सहा भावनांचं विधान मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या चेहऱ्यांच्या अभ्यासातून आलेलं आहे: राग, भीती, दुःख, आनंद, किळस, आश्चर्य. व्हेझ्बित्स्काबाईंचा आक्षेप साधा आहे: ही सहा इंग्रजी शब्दांची यादी आहे. त्यातल्या 'डिसगस्ट'ला त्यांच्या पोलिशमध्येही तंतोतंत जोड नाही. भरतमुनींच्या आठ स्थायीभावांत रती आणि उत्साह आहेत, ते एकमनच्या यादीत नाहीत. मग मूळ कुठली आणि मसाला कुठला, हे ठरवायचं कोणी? बाईंच्या मते सर्वत्र सापडतं ते 'वाटणं', 'चांगलं' आणि 'वाईट'. राग हासुद्धा त्यांतून रचलेला, प्रत्येक भाषेत थोडा वेगळा.

ही पद्धत निर्दोष नाही. दोन अभ्यासकांनी एकाच शब्दाच्या दोन व्याख्या लिहिल्या तर निवाडा शेवटी त्या भाषेच्या बोलणाऱ्यांच्या कानावरच येतो, आणि टीकाकार नेमकं यावर बोट ठेवतात. मराठीत आणखी एक अडचण आहे. 'मला वाटतं तो येईल' यातलं वाटणं विचाराचं आहे आणि 'मला बरं वाटतं' यातलं भावनेचं. तिथे पद्धतीचं उत्तर असं की पुढे पूर्ण वाक्य आलं तर तो विचार, नुसतं विशेषण आलं तर ती भावना, म्हणजे एका रूपात दोन मूळ अर्थ राहू शकतात. दुसरी खोच याहून नाजूक. 'मला वाईट वाटलं' म्हटलं की मराठी माणूस खेद किंवा दुःखच ऐकतो, चीड किंवा भीती नाही. म्हणून वरच्या व्याख्येत 'वाईट वाटतं' न लिहिता 'काहीतरी वाईट वाटतं' लिहिलं आहे. ते कानाला जरा खटकतं, पण 'काहीतरी' काढलं तर प्रत्येक रुसव्यात आपोआप दुःख घुसतं, आणि साडीवरून रुसलेली विहीण दुःखी असेलच असं नाही.