‘फी शून्य’ ही ओळ वाचून कोरियातून पैसे पाठवू नका

“कोरियातून घरी पैसे पाठवायचे तर फी शून्य असलेलं ॲप घ्या, बाकी काही बघू नका. रेट सगळीकडे गूगलवाला असतो. आणि ‘आज पोहोचेल’ लिहिलंय म्हणजे संध्याकाळपर्यंत आईबाबांच्या खात्यात जमा.”

नव्याने आलेली मुलं पहिल्या पगाराला हाच सल्ला ऐकून पैसे पाठवतात, म्हणून तो नीट तपासायला हवा.

आधी फी. ॲपची कमाई दोन ठिकाणांहून होते. 수수료 म्हणजे फी, ती उघड दिसते. 환율 म्हणजे विनिमय दर, आणि त्यात ॲपचा वाटा आधीच वजा केलेला असतो. समजा, बाजारात 1,000 वॉनला 62 रुपये असा भाव आहे. पहिलं ॲप फी घेत नाही, पण 60.50 चा दर देतं. दुसरं 5,000 वॉन फी घेतं आणि 61.50 चा दर देतं. तुमच्या खिशातून एकूण 10 लाख वॉन जाणार आहेत. पहिल्या ॲपने घरी 60,500 रुपये पोहोचतात. दुसऱ्यात फी वजा जाऊन 9,95,000 वॉनचे रुपये होतात, म्हणजे 61,192. फी भरूनही जवळजवळ 700 रुपये जास्त!

हेच गणित 2 लाख वॉनवर करा, उत्तर उलटं येतं. पहिलं ॲप 12,100 रुपये देतं, दुसरं 11,992. फी ठरावीक असते आणि दरातला वाटा रकमेबरोबर वाढतो, त्यामुळे या उदाहरणात 3,07,500 वॉनच्या खाली शून्य फी परवडते आणि वर महाग पडते. दर महिन्याला थोडे थोडे पाठवणाऱ्याला आणि तीन महिन्यांचे एकदम पाठवणाऱ्याला एकच ॲप योग्य असेल असं नाही.

इथे एक फसगत होते. काही ॲप तुम्ही टाकलेल्या रकमेतून फी कापतात, काही ती वर जोडून 10,05,000 वॉन भरायला सांगतात. म्हणून तुलना करताना दोन्हीकडे एकूण भरायची रक्कम सारखी ठेवा आणि मग 받는 금액, म्हणजे घरच्यांना मिळणारी रक्कम, बघा. दोन्ही ॲप एकाच वेळी उघडा, कारण भाव दिवसभर हलतो. पहिल्या व्यवहाराला मिळणारी सवलत धरून पुढच्या वर्षाचा हिशेबही करू नका.

आता रेट. गूगलवर दिसतो तो मधला भाव, खरेदी आणि विक्रीच्या मधोमधचा. कोरियन बँकांच्या तक्त्यात 매매기준율 नावाचा आकडा साधारण त्याच कामाचा: त्यावरून बाकीचे दर ठरतात, पाठवणाऱ्याला लागतो तो दर निराळा. गूगलचा भाव निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ॲप किती कापतंय हे मोजायची फूटपट्टी तीच. पण दर कोणत्या बाजूने लिहिलाय हे आधी बघा. एखादं ॲप 1,000 KRW = 61.50 INR असं दाखवतं, दुसरं 1 INR = 16.53 KRW असं. पहिल्या पद्धतीत मोठा आकडा आपल्या फायद्याचा, दुसऱ्यात लहान. 16.53 म्हणजे 60.50 चाच दर, फक्त उलटा लिहिलेला. एवढ्यावरून चुकीचं ॲप निवडलेले लोक मी पाहिलेत.

राहिली वेळ. ‘पोहोचेल’ची मोजणी तुम्ही बटण दाबता तेव्हा सुरू होत नाही. वॉन ॲपच्या खात्यात जमा झाले की ती सुरू होते. अनेक ठिकाणी 가상계좌, म्हणजे त्या व्यवहारासाठी दिलेला खाते क्रमांक मिळतो. त्यात उशिरा पैसे भरले तर व्यवहार रद्द होऊ शकतो किंवा नवा दर लागू शकतो. दर अर्ज करताना पक्का होतो की पैसे भरताना, हे प्रत्येक ॲपचं वेगळं असतं. ती ओळ शोधून वाचाच.

वेळेच्या ओळीत 영업일 हा शब्द असेल तर ते कामकाजाचे दिवस आहेत. शुक्रवारी रात्री पाठवलेल्या पैशांचा ‘एक दिवस’ सोमवारी संपतो. भारतात डिसेंबर 2019 पासून एनईएफटी चोवीस तास चालतं, त्यामुळे शेवटचा टप्पा सहसा अडत नाही. अडतं ते अलीकडे, कोरियातल्या सुट्टीत किंवा कागदपत्रांच्या तपासणीत.

आणि एकदा माझं अडलं ते आयएफएससी कोडवर. वडिलांच्या जुन्या पासबुकातला कोड मी जसाच्या तसा टाकला होता. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, कोड बंद. ॲपवर ‘पाठवले’ दिसत होतं, खात्यात काही नाही, आणि पैसे परत यायला आठवडा गेला. देना, सिंडिकेट, कॉर्पोरेशन या बँकांचं जुनं पासबुक घरी असेल तर नवा कोड शाखेतून विचारून घ्या. घरच्या कर्जाचा हप्ता 5 तारखेला असेल आणि मध्ये छुसॉकची सुट्टी येत असेल, तर पैसे सुट्टी लागायच्या आधीच्या कामाच्या दिवशी सकाळी भरा.