आटलेला फोटो

खिडकीतल्या बाईंनी प्लास्टिकची पट्टी काढली, माझ्या चेहऱ्यावर उभी धरली आणि म्हणाल्या, "त्रेचाळीस मिलिमीटर. पंचेचाळीस हवा." दोन मिलिमीटरसाठी म्हापशात, भर पावसात, मी परत फोटोवाल्याकडे.

"सर, साइज ३५ बाय ४५च टाकलीय," पोरगा म्हणाला. पडद्यावर खरंच तसं होतं. चार बाय सहा इंची कागद, चार-चारच्या दोन ओळींत माझे आठ चेहरे, आठही निर्दोष.

तेवढ्यात बाकावरचे आजोबा सरसावले. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद, हातात गळकी छत्री.

"बाब, फोटो आटलो आसतलो."

"फोटो कसा आटेल?"

"गंजी धुतल्यार आटना?"

मी म्हटलं, फोटो मी धुतलेला नाही. शिवाय पावसात आमच्या घराचं दार फुगतं, आटत नाही. आजोबांनी यावर विचार केला. तीन गिऱ्हाइकं येऊन झेरॉक्स काढून गेली तरी विचार चालूच. मग फोटो हातात घेऊन त्यांनी निकाल दिला, "दार लाकडाचें. हो कागद." आणि जरा थांबून, "आनी तुजें तोंडूच लांब."

तोंडाचा इथे काय संबंध? पण पोरगा हसला, तेव्हा मी काउंटरच्या आत घुसलो आणि प्रिंटची खिडकी उघडायला लावली. Fit to page वर खूण! प्रिंटर कागदाच्या कडेला थोडी कोरी जागा सोडतो आणि आख्खं पान उरलेल्या जागेत बसवायला आवळतो. शंभराचे शहाण्णव टक्के झाले की पंचेचाळीसचे त्रेचाळीस. पडद्यावर हे दिसत नाही, पट्टीलाच दिसतं.

"मग बॉर्डरलेस मारतो," पोरगा म्हणाला. मी नको म्हणेपर्यंत कागद आत गेला होता. बॉर्डरलेसमध्ये कडेला पांढरं राहू नये म्हणून चित्र कागदाबाहेर जाईल इतकं ताणतात. फोटो भरला सेहेचाळीसच्या वर.

"आतां फुगलो," आजोबा समाधानाने म्हणाले.

खरं तर आवळायची गरजच नव्हती. पस्तीस चोक एकशे चाळीस, कागद एकशे बावन्नचा. कापायला मधे एकेक मिलिमीटर सोडला तरी दोन्ही कडांना साडेचार उरतात. कागद 4x6 in, स्केल Actual size, बॉर्डर चालू. तिसरी शीट निघाली. पट्टी लावली, पंचेचाळीस.

पैसे मात्र तिन्ही शीटचे. "कागद गेला ना सर." कागद गेला आणि माझी सकाळ? चुकीच्या मापाचे माझे सोळा चेहरे खिशात आहेत, कुणाला हवे असल्यास सांगा.

मी छत्री उघडत होतो, तेव्हा आजोबांनी पिशवीतून आपला कागद काढला. जमिनीचा सर्व्हे प्लॅन, मापाचा. वाटणीसाठी प्रत हवी होती.

"कड कापची न्हय हां," ते पोरग्याला म्हणाले. "सगळें पानार बसय."

पोरग्याने Fit to page वर खूण केली. मी पावसात उतरलो.