प्रस्तावातील गृहीतके ही पळवाट नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "सल्लागाराने नव्या ग्राहकाला द्यायच्या प्रस्तावात गृहीतकांचा वेगळा विभाग असावा, हे पटले नाही. आपल्या कोल्हापुरात शब्दावर व्यवहार चालतो. मालक ते पान वाचतो आणि म्हणतो, हा माणूस कामाआधीच पळवाट शोधतोय. कामाचे नाव, एकूण रक्कम आणि खाली सही, एवढे एक पान पुरे."

आपण इतक्या स्पष्टपणे लिहिलेत याबद्दल आभार. ज्या प्रस्तावात "ग्राहकाचे संपूर्ण सहकार्य मिळेल", "सर्व माहिती वेळेवर मिळेल" अशी दहा वाक्ये ओळीने येतात, तो वाचून मालकाला शंका येणे रास्तच आहे. अशा वाक्यांचा शुल्काशी काहीही संबंध नसतो, आणि पुढे वाद झाल्यास बोट दाखवण्यापलीकडे त्यांचा उपयोगही नसतो. ती काढून टाकावीत, याबाबत माझे आणि आपले एकमत आहे. माझा आग्रह आहे तो दोन-तीन गृहीतकांपुरता, ज्यांच्यावर प्रस्तावातील आकडा उभा असतो.

आपल्या ओळखीच्या कामाचेच उदाहरण घेऊ. शिरोलीतील ओतकामाच्या एका फौंड्रीला कास्टिंगचे, म्हणजे ओतलेल्या नगांचे, रिजेक्शन कमी करण्यासाठी सल्ला हवा आहे. व्याप्ती ठरली ती अशी: सर्वाधिक रिजेक्शन असलेली दोन कास्टिंग, त्यांचे मोल्डिंग आणि वाळूचे नियंत्रण. भट्टीतील बदल आणि पॅटर्नची दुरुस्ती यात नाही. सल्लागार देणार ते असे: दोषांच्या कारणांचा अहवाल, वाळूच्या रोजच्या चाचण्यांचा नोंदतक्ता, मोल्डिंगसाठी लेखी कार्यसूचना आणि सुपरवायझरांसाठी प्रशिक्षणाची दोन सत्रे. या सगळ्याला वीस दिवस लागतील आणि दिवसाला ८,००० रुपये धरले, तर शुल्क १,६०,००० रुपये होते.

हे वीस दिवस एका गोष्टीवर अवलंबून आहेत. फौंड्रीचे रिजेक्शन रजिस्टर दोषनिहाय असेल, म्हणजे वायूमुळे पोकळी राहून झालेले ब्लो होल किती, साच्यातली वाळू पडून झालेले सँड ड्रॉप किती, धातू आकसून झालेले श्रिंकेज किती, हे त्यात वेगवेगळे लिहिलेले असेल, तर सल्लागार पहिल्याच आठवड्यात दिशा ठरवू शकतो. सँड ड्रॉप दिसला की वाळूच्या ताकदीकडे आणि साच्याच्या हाताळणीकडे पाहायचे असते, तर श्रिंकेज दिसले की फीडिंग आणि धातूकडे वळावे लागते, जे कदाचित ठरलेल्या व्याप्तीच्या बाहेरच असेल. पण रजिस्टरमध्ये "रिजेक्ट: ४२ नग" एवढेच लिहिलेले असेल, तर रोज कास्टिंग साफ करतात त्या फेटलिंगच्या जागी उभे राहून नग वेगळे करणे, सुपरवायझरला दोष ओळखायला शिकवणे आणि नवा तक्ता सुरू करणे, हे सगळे आधी करावे लागते. त्यासाठी आणखी पाच दिवस, म्हणजे ४०,००० रुपये, लागतात.

आता आपले एक पान पाहू. त्या पानावर सल्लागारापुढे दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे १,६०,००० लिहून पाच दिवस पदरचे घालायचे, आणि मग ते कुठेतरी वाचवण्यासाठी अहवाल आटोपता घ्यायचा. दुसरा म्हणजे धोका धरून सरसकट २,००,००० लिहायचे. दुसऱ्या मार्गात ज्या मालकाने आपले रजिस्टर वर्षानुवर्षे नीट ठेवले आहे, तोही ते ४०,००० भरतो, आणि कशासाठी भरले हे त्याला कधीच कळत नाही. गृहीतक लिहिल्याने त्याच्या शिस्तीचा फायदा त्याला मिळतो. म्हणून हे पान सल्लागाराइतकेच मालकाच्याही हिताचे आहे, असे मी मानतो.

मात्र त्यासाठी गृहीतक पुरे लिहावे लागते: काय धरले आहे, ते खरे न निघाल्यास काय बदलेल आणि तो बदल कोणाच्या संमतीने होईल. वरील उदाहरणात मी असे लिहीन: "मागील तीन महिन्यांचे रिजेक्शन रजिस्टर दोषनिहाय उपलब्ध आहे, असे धरले आहे. तसे नसल्यास नोंदी नव्याने घेण्यासाठी जास्तीत जास्त पाच दिवस लागतील. त्याचे शुल्क दिवसाला ८,००० रुपयांप्रमाणे, आपल्या लेखी संमतीनंतरच आकारले जाईल." कमाल मर्यादा आणि संमती, दोन्ही मालकाच्या हातात राहतात. हे वाक्य वाचून कोणाला पळवाट दिसेल असे मला वाटत नाही.

प्रत्येक गृहीतकाचा परिणाम पैशातच मोजता येतो, असेही नाही. ब्लो होल पुष्कळदा कास्टिंगच्या पृष्ठभागाखाली दडलेले असते आणि फौंड्रीच्या ग्राहकाकडे मशीनिंग झाल्यावरच उघडे पडते. तो नग परत येतो तेव्हा ओतकामाला काही आठवडे होऊन गेलेले असतात. नगावर ओतकामाची तारीख किंवा हीट नंबर, म्हणजे भट्टीतील त्या वितळणीचा क्रमांक, उमटवलेला असेल, तरच त्या दिवशीच्या वाळूतील ओलाव्याशी त्याचा संबंध लावता येतो. ती खूण नसेल, तर कितीही जादा दिवस दिले तरी मागचा माग निघत नाही. अशा वेळी शुल्क वाढवणे गैर आहे. व्याप्ती कमी करावी लागते. प्रस्तावात तसे लिहावे: "नगांवर ओतकामाची तारीख नसल्यास अभ्यास फौंड्रीतच सापडणाऱ्या दोषांपुरता मर्यादित राहील." हे न सांगता काम घेतले, तर मालक परतलेल्या नगांचे उत्तर मागणार आणि सल्लागाराजवळ ते नसणार.

जी गोष्ट डोळ्यांनी पाहता येते, ती गृहीत धरू नये, हेही मी तितक्याच आग्रहाने सांगेन. प्रस्ताव लिहिण्यापूर्वी अर्धा दिवस कारखान्यात जावे, रजिस्टरची चार पाने चाळावीत, वाळूच्या प्रयोगशाळेत कालची ओलाव्याची नोंद आहे का ते पाहावे आणि परत आलेल्या नगांच्या ढिगातला एखादा उचलून त्यावर तारीख आहे का ते बघावे. दहा गृहीतकांची तीन होतात ती या भेटीत, आणि शब्दावर चालणाऱ्या व्यवहारातला जो विश्वास आपण म्हणता, तोही याच भेटीत जुळतो.

शुल्काबाबत दोनच गोष्टी. शेवटचा हप्ता "काम पूर्ण झाल्यावर" असा लिहू नये, कारण रिजेक्शन पुन्हा कधी वाढले की काम अपूर्ण ठरते. तो दुसऱ्या प्रशिक्षण सत्राला आणि अंतिम अहवालाला जोडावा आणि सात कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत न आल्यास अहवाल मान्य धरला जाईल, असे नमूद करावे. सल्लागाराची जीएसटी नोंदणी असेल, तर १,६०,००० वर १८ टक्क्यांप्रमाणे २८,८०० वेगळे दाखवावेत, म्हणजे व्यावसायिक शुल्कावरचा १० टक्के टीडीएस मूळ रकमेवरच, १६,००० रुपये, कापला जातो.

राहिला प्रश्न गृहीतक मोडल्यावर काय करायचे याचा. पहिल्याच आठवड्यात रजिस्टर अपुरे आहे असे लक्षात आले, तर त्याच दिवशी मालकाला दोन ओळींचे पत्र किंवा ईमेल पाठवावा: काय आढळले, किती दिवस वाढतील, किती रुपये वाढतील, आणि संमती मिळेपर्यंत जादा काम सुरू करणार नाही. काम संपल्यावर बिलात ४०,००० रुपये दाखवून गृहीतकाकडे बोट करणारा सल्लागार आपण म्हणता तसाच ठरतो, मग त्याचा प्रस्ताव कितीही नीट लिहिलेला असो.