रुग्णाला वेळीच गप्प कसे करावे

नव्याने दवाखाना थाटलेल्या डॉक्टरांनो, रुग्ण खुर्चीत बसून आपले पहिले वाक्य उच्चारतो, तो क्षण फार धोक्याचा असतो. त्या वाक्यानंतर आपण जे बोलाल त्यावर पुढची सगळी तपासणी कोणाच्या हातात राहणार हे ठरते, आणि ती रुग्णाच्या हातात राहिली तर आपण इतकी वर्षे अभ्यास कशासाठी केला, असा प्रश्न उरतो. म्हणून पहिले उत्तर नेहमी लांब द्यावे, त्यात किमान तीन प्रश्न कोंबावेत, आणि ते सगळे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यातच भागतील असे असावेत.

या बाबतीत आपण एकटे नाही, हे ऐकून आपल्याला धीर येईल. अमेरिकेत 1984 साली हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर आणि रुग्ण यांच्या 74 भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत रुग्णाचे बोलणे तोडतात असे दिसले. ज्या 51 भेटींत बोलणे तोडले गेले, त्यांपैकी फक्त एकीत रुग्णाला आपले सुरुवातीचे म्हणणे पुढे पूर्ण करता आले. म्हणजे एकदा नीट तोडले की पुन्हा तोडण्याची तसदी सहसा घ्यावी लागत नाही. तोडणे म्हणजे दरडावणे नव्हे, हेही लक्षात घ्यावे. अत्यंत आपुलकीने विचारलेला, पण नेमका आणि बंदिस्त प्रश्न हेच काम अधिक सफाईने करतो.

उदाहरणासाठी चौपन्न वर्षांच्या एका काल्पनिक मावशींना आपल्यासमोर बसवू. त्या म्हणतात, “डॉक्टर, हल्ली पित्ताचा फार त्रास होतोय.” कसलेल्या डॉक्टरांना एवढे पुरेसे आहे. आपण लगेच म्हणावे, “जेवणाच्या वेळा चुकतात ना? चहा फार होतो का? उपवास करता का? आंबट ढेकर येतात? बघा मावशी, या वयात तिखट कमी करायला हवं, रात्रीचं जेवण लवकर घ्यायला हवं आणि जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही.” मावशींना उपवास असतात, चहा होतो, ढेकरही येतात. त्या प्रत्येक प्रश्नाला प्रामाणिकपणे मान डोलावतात. तिसऱ्या प्रश्नापर्यंत त्यांच्या लक्षात येते की येथे विचारण्याचे काम डॉक्टरांचे आणि उत्तर देण्याचे आपले, म्हणून त्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहत बसतात. जे विचारले जात नाही ते महत्त्वाचे नसणार, असा सुज्ञ निष्कर्षही त्या काढतात. आपण सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी लिहून देता आणि मावशी समाधानाने उठतात.

आता याच ठिकाणी एखादा आळशी डॉक्टर काय करील ते पाहा. तो खुर्ची त्यांच्याकडे वळवील, पेन खाली ठेवील आणि एवढेच म्हणेल, “अच्छा, पित्त. नेमकं काय होतं तुम्हाला?” त्याने ‘पित्त’ हा मावशींचाच शब्द उचलला आहे, तो मान्यही केलेला नाही आणि खोडलेलाही नाही. त्याने पोटाकडे बोट दाखवले नाही, वेळ विचारली नाही, कारण सुचवले नाही. कोठून सुरुवात करायची आणि कोठे थांबायचे हे त्याने सरळ मावशींवर सोपवून टाकले. आणि प्रश्न अगदी शेवटी ठेवल्यामुळे बोलण्याची पाळी कोणाची, याविषयी शंकाही ठेवली नाही. प्रश्न विचारून त्याने त्यामागे स्वतःचे आणखी एक वाक्य जोडले असते, तर मावशींनी त्या वाक्याला उत्तर दिले असते आणि प्रश्न वाया गेला असता. पण आळशाला तेवढेही सुचत नाही. तो गप्प बसतो.

मग मावशी सांगू लागतात. “काय होतं, सकाळी दूध घेऊन दोन जिने चढले की इथं मधोमध गच्च दाबल्यासारखं होतं. जबड्यापर्यंत ओढ लागते. कठड्याला धरून दोन-तीन मिनिटं उभी राहिले की जातं आपोआप. जेवणाचं म्हणाल तर तसं काही नाही.” श्रम केले की छातीत येणारा आणि थांबले की काही मिनिटांत ओसरणारा दाब ऐकल्यावर कोणालाही हृदयाचा विचार करावाच लागतो. आता बिचाऱ्याला ईसीजी काढावा लागेल. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी अशा रुग्णात पुष्कळदा निर्दोष दिसतो, त्यामुळे तेवढ्यावर मोकळे होता येणार नाही. हा त्रास कधीपासून सुरू झाला, वाढतो आहे का, बसल्या जागीही होतो का, हे सगळे विचारावे लागेल. पित्ताची सुबक, तयार चिठ्ठी वाया गेली. एका छोट्या प्रश्नाने केवढे काम ओढवून घेतले!

आपल्या पद्धतीतही ही माहिती कधीकधी निसटून बाहेर येते, हे मान्य करायला हवे. दाराच्या मुठीवर हात ठेवून मावशी म्हणतात, “आणि ते जिना चढताना जरा छातीत भरून येतं, ते याच गोळीनं थांबेल ना?” आपण “थांबेल, थांबेल” म्हणावे. पहिल्यांदा सांगितलेली तक्रार हीच मुख्य असते, या गृहीतकाला अशा वेळी धक्का लागू देऊ नये. खरे तर रुग्ण पुष्कळदा सांगायला सोपे असते तेच आधी सांगतो आणि भीती वाटते ते मागे ठेवतो. पण ते मागचे ऐकायला वेळ कोणाला आहे?

वेळेचा हा युक्तिवाद मात्र बेताने वापरावा, कारण स्वित्झर्लंडमधील बासेल येथील काही मंडळींनी तो बिघडवून ठेवला आहे. त्यांनी तेथील बाह्यरुग्ण विभागात 335 रुग्णांना मध्ये न तोडता बोलू दिले आणि गुपचूप वेळ मोजली. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदीनुसार रुग्ण सरासरी 92 सेकंदांत आपणहून थांबले, आणि 78 टक्के रुग्णांचे बोलणे दोन मिनिटांच्या आत संपले. पाच मिनिटांहून अधिक बोलणारे सात निघाले, आणि त्यांचे सांगणे आवश्यकच होते, असे त्यांच्या डॉक्टरांचे मत पडले. हे आकडे प्रतीक्षाकक्षात लावू नयेत.

आपल्या बाजूने एक खरी सबब उपलब्ध आहे. रुग्णाला धाप लागलेली असेल, रक्त वाहत असेल किंवा तो शुद्धीवर नसेल, तर “काय होतं, सांगा” म्हणत थांबणे हा मूर्खपणा ठरेल. तेथे तुटक, नेमके प्रश्नच हवेत. बंदिस्त प्रश्नांना एरवीही जागा असते, पण ती रुग्णाने आपले म्हणणे मांडून झाल्यावरची. आपण फक्त एवढेच करावे, की प्रत्येक रुग्ण अत्यवस्थ असल्याच्या आविर्भावात बोलावे.

शेवटी कोणी “रुग्णाला आणखी काही सांगायचे आहे का, हे विचारले का?” असे म्हटले, तर तोही उपचार पार पाडावा, मात्र “आणखी काही नाही ना?” अशा शब्दांत. अमेरिकेतील 2007 सालच्या एका प्रयोगात पहिली तक्रार सांगून झाल्यावर काही डॉक्टरांनी आणखी काही असेलच असे धरून विचारले, तर काहींनी नसेलच असा सूर लावला. पहिल्या पद्धतीने रुग्णांच्या मनात राहून जाणाऱ्या तक्रारी 78 टक्क्यांनी घटल्या. दुसऱ्या पद्धतीने लक्षणीय फरक पडला नाही. तेव्हा ‘नाही ना’ हे दोन शब्द जिभेवर असू द्यावेत, आणि ते उच्चारताना एक हात पुढच्या नंबरच्या घंटीवर.