जर्मनीतला शुक्रवार आणि खालच्या मजल्यावरचे काका

काल दिवसभर मी मोबाईलवर जीमेल खाली ओढत बसले होते आणि अंगठा अजून दुखतोय. जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला एवढंच विचारलं होतं, की माझा अर्ज युनि-असिस्ट या अर्ज तपासून पुढे पाठवणाऱ्या संस्थेकडून तुमच्याकडे आलाय, तर प्रवेशाचं लेटर साधारण कधी मिळेल? 15 जुलैच्या आधी सगळं भरलंय, आपली कागदपत्रं खरी असल्याचं एपीएसचं सर्टिफिकेट जोडलंय (त्याला 18,000 रुपये गेले), पहिल्या अर्जाचे 75 युरो वेगळे. आता त्या लेटरशिवाय बँक लोन सोडत नाही, लोनशिवाय तिकडच्या राहण्याच्या खर्चासाठी आधीच पैसे अडकवून ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो जात नाहीत, ते गेल्याशिवाय व्हिसाची फाईल पुढे सरकत नाही, आणि हे सगळं ज्या एका ओळीवर अडलंय ती ओळ लिहायला तिकडे कोणाला वेळ नाही.

तर मी सकाळी सातपासून रिफ्रेश करतेय. आता उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, म्हणजे तेव्हा तिकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले. हे मला माहिती आहे हो. पण एखादा माणूस झोप न येणारा असू शकतो ना! प्रमोशन्सचा टॅब बघितला, स्पॅम बघितलं, सर्चमध्ये `in:anywhere` टाकून कचऱ्यातसुद्धा शोधलं. एका बुटांच्या दुकानाचा मेल सापडला, 'तुम्हाला आमची आठवण येते का?' नाही येत. खरं तर मेल आला की फोन आपणहून वाजतो, ओढायची काही गरज नसते, पण हे कळून अंगठा ऐकत नाही.

दुपारी जिन्याच्या पायरीवर बसले, तिथे रेंज बरी येते. तेवढ्यात तळमजल्यावरचे काका आले. वीज खात्यातून रिटायर, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि सरकारी पत्रव्यवहारातले स्वयंघोषित तज्ज्ञ.

"काय गं, आलं का?"

"नाही काका."

"तू लिहिलंस काय ते दाखव आधी." मी मेल दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर चढवून मोबाईल नाकाला टेकेल इतका जवळ धरला. "छे! हे काय, 'हॅलो' काय? विषय कुठे आहे? संदर्भ क्रमांक? आवक-जावक नंबर?"

"काका, अ‍ॅप्लिकेशन नंबर वर टाकलाय."

"वर नाही, डाव्या बाजूला हवा. आणि शेवटी, 'योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती.' त्याशिवाय फाईल हलत नाही, मी बत्तीस वर्षं काढलीत. आणि प्रत कोणाकोणाला? कलेक्टर नसतो का तिकडे?"

मी म्हटलं, नसेल बहुतेक. काका जरा थांबले. "हे पूर्व जर्मनी का पश्चिम?"

"काका, 1990 साली एक झाल्या त्या."

"हां!" काकांचा चेहरा उजळला. "मग तेच. दोन देशांचा बोजा, ऑफिस एकच. गर्दी होणारच. तू स्मरणपत्र पाठव. स्मरणपत्र क्रमांक एक असं लिही, म्हणजे दोन येणार हे त्यांना कळतं."

आणि मी पाठवलं. अंगठा दुखत असताना माणूस काहीही करतो. पाठवल्या पाठवल्या टिंग! हात थरथरत होते, काकांनी तर माझा खांदाच धरला. उघडलं तर ऑटो-रिप्लाय. त्यात लिहिलेलं, की सध्या खूप अर्ज आलेत, वारंवार विचारणा केल्याने प्रक्रिया लांबते, कृपया चौकशी करू नये.

"बघ," काका म्हणाले, "दखल घेतली."

साडेतीनला मी वेळापत्रक बघितलं. शुक्रवारी ऑफिस बारापर्यंत, म्हणजे आपल्याकडे साडेतीन. अर्जासाठी शेवटची तारीख असते, कागदांसाठी असते, पैशांसाठी असते, उत्तरासाठी मात्र कुठेच नसते. त्यांचं विंटर सेमिस्टर 1 ऑक्टोबरला सुरू होतं म्हणे, आणि व्हिसाला किती आठवडे लागतील ते मलाच हिशोबात धरायचंय. उशीर मी केला तर अर्ज बाद, आणि त्यांनी केला तर 'कृपया चौकशी करू नये'. एखाद्याने एक ओळ लिहिली असती, 'ऑगस्टअखेर कळवू', तर मी निदान जेवले तरी असते.

संध्याकाळी युनिव्हर्सिटीकडून खरा मेल आला. 'तुमच्यासाठी पोर्टलवर नवीन संदेश आहे.' पोर्टल उघडलं. वीकेंडला देखभालीसाठी बंद, सोमवारी सकाळी परत सुरू. सकाळी म्हणजे त्यांच्या. काकांना सांगितलं तर ते दुसऱ्या स्मरणपत्राचा मसुदा घेऊनच वर आले, दोन पानी, आणि आईने त्यांना चहा केला.