चाळीस आणि ऐंशीची सरासरी साठ येत नाही हो!

उशीर झालेल्या गाडीत बसण्याचा मला राग नाही. उशीर कुणालाही होतो. मला राग आहे तो उशीर झाल्यावर चालवणाऱ्याच्या तोंडून छातीठोकपणे बाहेर पडणाऱ्या आकड्यांचा. ‘आता जरा दाबतो, वेळ भरून निघेल’ हे वाक्य कानावर पडले की माझ्या कपाळाची शीर उडू लागते, कारण ‘जरा’ म्हणजे किती, हे म्हणणाऱ्याने मोजलेले नसते. आणि मोजलेले असेल, तर हमखास चुकीचे मोजलेले असते.

परवाचाच प्रसंग घ्या. अंतर १२० किलोमीटर, निघालो बरोबर नऊला, पोहोचायचे होते अकराला. दोन तासांत १२० किलोमीटर, म्हणजे ताशी ६० ची सरासरी. हिशेब सरळ होता. पण रस्त्याचे काम निघाले, एका मार्गिकेवर दोन्हीकडची वाहने सोडत होते, पुढे मालमोटारींची रांग लागली आणि साडेदहा वाजले तेव्हा आम्ही जेमतेम ६० किलोमीटर आलो होतो. गाडी भावोजी चालवत होते. त्यांनी घड्याळ पाहिले आणि प्रसन्न मुद्रेने जाहीर केले, “अर्धं अंतर चाळीसने आलो, उरलेलं अर्धं ऐंशीने जाऊ. सरासरी साठ. अकराला दारात!” एवढ्यावर न थांबता त्यांनी फोन लावला आणि तिकडे वाट पाहत बसलेल्या माणसालाही अकराची वेळ पुन्हा पक्की करून दिली.

मी म्हटले, “भावोजी, साडेदहा वाजलेत. अर्धा तास उरलाय आणि ६० किलोमीटर उरलेत.” ते म्हणाले, “हो ना, म्हणून तर ऐंशीने जायचं.” आता यावर काय बोलावे? अर्ध्या तासात ६० किलोमीटर जायचे म्हणजे ताशी १२० लागतात, हे सांगायला कागदसुद्धा लागत नाही. उरलेले अंतर आणि उरलेला वेळ ही दोनच माणसे या खटल्यात साक्षीदार आहेत. आधीचा वेग किती होता, याला आता काडीची किंमत नाही. तरीही शंभरातले नव्वद लोक त्या मेलेल्या चाळीसलाच उकरून काढतात, त्यात काहीतरी मिळवतात, दोनाने भागतात आणि समाधानाने गिअर बदलतात.

ही चूक का होते, हे मला पुरते ठाऊक आहे आणि म्हणूनच जास्त चीड येते. चाळीस आणि ऐंशीची सरासरी साठ येते, पण केव्हा? दोन्ही वेगांनी सारखाच वेळ गाडी चालवली तर. एक तास चाळीसने आणि एक तास ऐंशीने जा, १२० किलोमीटर दोन तासांत होतील, भावोजींचा जयजयकार होईल. पण आम्ही सारखा वेळ नव्हे, सारखे अंतर वाटून घेतले होते. साठ किलोमीटर चाळीसने आलो त्यात दीड तास गेला. तेच साठ किलोमीटर ऐंशीने गेलो असतो तर पाऊण तास लागला असता. म्हणजे संथ वेगाच्या वाट्याला वेगवान वेगापेक्षा दुप्पट वेळ आला. सरासरी त्याच्याच बाजूला झुकणार, दुसरे काय होणार? एकूण सव्वादोन तास, सरासरी ताशी ५३ च्या आसपास, आणि पोहोचण्याची वेळ सव्वाअकरा. तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला आणि काटा क्षणभरही ऐंशीच्या खाली आला नाही तर!

याहून चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. भावोजींचा ऐंशीचा आकडा मुळात चूक नव्हता. तो शिळा होता. दहा वाजता आम्ही ४० किलोमीटरवर होतो, ८० उरले होते आणि तास उरला होता. त्या घटकेला खरोखरच ऐंशीने काम झाले असते. त्याच्याही आधी, साडेनऊला २० किलोमीटर झाले होते, तेव्हा उरलेल्या शंभर किलोमीटरला दीड तास हातात होता आणि ताशी ६७ पुरले असते. पण त्या वेळी गाडीत कुणाला घाई नव्हती. साडेदहाला तोच आकडा १२० झाला. असेच चाळीसने आणखी पंधरा मिनिटे रेंगाळलो असतो, तर ७० किलोमीटर झाले असते, ५० उरले असते आणि लागणारा वेग ताशी २०० वर गेला असता. आणि ८० किलोमीटरच्या दगडापाशी अकरा वाजले असते. तिथून पुढे कुठलाही वेग पुरला नसता, कारण भागायला वेळच उरला नसता. हा आकडा सावकाश चढत नाही. आधी सदुसष्ट, मग ऐंशी, मग एकशेवीस, मग दोनशे, आणि मग भिंत. नियोजित वेगाच्या निम्म्या वेगाने निम्मे अंतर आलात तर सगळा वेळ संपलेला असतो, हे वाक्य मी कितीदा म्हटले असेन! प्रत्येक वेळी समोरचा माणूस माझ्याकडे मीच अपशकुन केल्यासारखा पाहतो.

भावोजींनी मग दुसरा पवित्रा घेतला. “बरं, ऐंशी नाही, शंभरने जातो.” ठीक. ताशी ६० ने गेल्यास एका किलोमीटरला एक मिनिट लागते. आम्हाला उरलेल्या ६० किलोमीटरांत अर्धा तास वाचवायचा होता, म्हणजे दर किलोमीटरमागे ३० सेकंद. साठवरून ऐंशीवर गेल्यास किलोमीटरमागे १५ सेकंद वाचतात. ऐंशीवरून शंभरवर गेल्यास वाचतात फक्त ९. शंभरवरून एकशेवीसवर गेल्यास ६. काटा दर वेळी वीसनेच पुढे सरकतो, पण हाती लागणारे सेकंद आटत जातात. उलट ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर मात्र वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. धोका भरमसाट विकत घ्यायचा आणि बदल्यात सहा सेकंद पदरात पाडून घ्यायचे, असा हा व्यवहार. शंभरने अखंड गेलो असतो तरी अकरा वाजून सहा मिनिटे झालीच असती. आणि रस्त्याच्या कडेच्या फलकावर ८० ची मर्यादा ठळक लिहिलेली होती, हे मी तीनदा सांगितले. उत्तरादाखल मला खिडकीची काच वर घ्यायला सांगण्यात आले.

आता सगळ्यात मोठा गाढवपणा. हे १२० आले तेसुद्धा उरलेले सगळे ६० किलोमीटर मोकळे आहेत असे धरून. शेवटचे ६ किलोमीटर वस्तीतले होते. तिथे सिग्नल आहेत, गतिरोधक आहेत, पायी चालणारी माणसे आहेत. ताशी ३० च्या वर सरासरी पडत नाही, हे भावोजींना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, कारण तो रस्ता त्यांच्या पायाखालचा आहे. सहा किलोमीटर तीसने म्हणजे १२ मिनिटे. ती आधीच बाजूला काढायला हवीत. मग हातात राहतात १८ मिनिटे आणि मोकळा रस्ता ५४ किलोमीटर. करा भागाकार. ताशी १८०! ज्या गाडीचे दार ताशी नव्वदला शिट्टी वाजवू लागते, त्या गाडीने. ज्या तुकड्यावर आपला वेग आपल्या हातात नाही, त्याची मिनिटे आधी वजा करायची आणि मगच उरलेल्याचा भागाकार करायचा, हे इतके अवघड आहे का? वाटेत इंधन भरायचे असेल तर तीही पाच मिनिटे त्याच वजाबाकीत जातात. पण लोक एकूण अंतर घेतात, एकूण वेळ घेतात आणि आलेला आकडा थेट काट्यावर शोधतात. काटा दाखवतो तो त्या क्षणाचा वेग. हिशेबात येते ती सरासरी. काटा मिनिटभर शंभरवर टेकला म्हणजे शंभरने प्रवास झाला, असे होत नाही.

मग व्हायचे तेच झाले. पुढे मोकळे मिळाले की गाडी नव्वदवर, मधूनच शंभरवर. पुढे मालमोटार आली की पन्नासवर येऊन तिच्या मागे हॉर्न वाजवत बसायचे. त्या ५४ किलोमीटरांतले ३० साधारण नव्वदने गेले असतील, त्याला २० मिनिटे लागली. उरलेले २४ पन्नासच्या आसपास गेले, त्याला २८ मिनिटे लागली. इथेही तोच न्याय: संथ तुकडा लहान, पण वेळ त्यानेच जास्त खाल्ला. माझी बहीण मागच्या आसनावर दोन्ही हातांनी कडी धरून बसली होती आणि दर ओव्हरटेकला डोळे मिटत होती. मोकळा रस्ता ४८ मिनिटांत संपला, म्हणजे सरासरी भरली ताशी ६७ आणि वर थोडे. पुढे वस्तीतली १२ मिनिटे कुणाच्या बापाला चुकली नाहीत. पोहोचलो बरोबर साडेअकराला.

आता ऐका. साडेदहापासून आम्ही निमूट साठने आलो असतो, तर ५४ किलोमीटरला ५४ मिनिटे आणि वस्तीतली १२ धरून ११ वाजून ३६ मिनिटांनी पोहोचलो असतो. एवढा आटापिटा, एवढे हॉर्न, बहिणीचे मिटलेले डोळे, हे सगळे सहा मिनिटांसाठी. आणि साडेदहाच्या त्या फोनमध्ये ‘अकराला’ऐवजी ‘साडेअकरा होतील’ एवढे दोन शब्द वेगळे पडले असते, तर तिकडचा माणूस अर्धा तास दारात ताटकळला नसता. त्याने मधल्या काळात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्याला ‘पाच मिनिटांत’ असे सांगण्यात आले. पहिल्यांदा आम्ही २२ किलोमीटर दूर होतो.

गाडीतून उतरताना भावोजींनी घड्याळ पाहिले, किल्ली खिशात टाकली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “बघा, साडेदहाला अर्धा तास उशीर होता. आताही अर्धाच तास आहे. वाढू दिला का मी?”

आणि माझ्या संतापाची परिसीमा अशी, की सबंध प्रवासात त्यांनी केलेला हा एकच हिशेब बरोबर होता.